तीन टक्के म्हणजे माफी नव्हे

फ्लॅटचा ताबा घ्यायची वेळ आली, टेप लावली आणि क्षेत्रफळ करारापेक्षा कमी भरले, तर बिल्डरला पत्र कसे लिहावे, एवढाच आजचा विषय. अशी पत्रे बहुतेक जण रागाने लिहितात आणि तिथेच हरतात. 'आमची फसवणूक झाली' या वाक्याला बिल्डरच्या ऑफिसात उत्तर तयार असते. चौरस मीटरच्या हिशेबाला ते सहजासहजी सापडत नाही.

समजा, करारात कार्पेट 60 चौरस मीटर लिहिले आहे आणि पार्किंग वगळून किंमत 60 लाख, म्हणजे चौरस मीटरला एक लाख. खोल्या, किचन, बाथरूम, पॅसेज मोजून बेरीज आली 54.3. इथेच घाई होते आणि पावणेसहा मीटर गेले म्हणून पत्र रवाना होते. पण 2016 च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे फ्लॅटच्या आतल्या भिंतींखालची जागा कार्पेटमध्ये धरायची असते. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खासगी गच्ची मात्र धरायची नाही. आतल्या भिंती एकूण 24 मीटर लांब आणि 15 सेंटिमीटर जाड असतील तर त्यांचे 3.6 चौरस मीटर होतात. तेव्हा खरे माप 57.9 आणि तूट 2.1 मीटर. हे माप आर्किटेक्टकडून करून घ्या, प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी नकाशावर लिहून घ्या आणि तो सही-शिक्क्याचा कागद पत्राला जोडा.

गॅसच्या सिलिंडरचेच बघा ना. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. आपण काटा लावायला सांगतो, टाकीचे वजन वजा करतो आणि उरेल तो गॅस. बाहेरची भिंत म्हणजे ती लोखंडाची टाकी. ती लागतेच, पण गॅसच्या वजनात ती मोजून कोणी पैसे मागितले तर आपण देऊ का? आणि बाल्कनी म्हणजे सोबत दिलेली शेगडी. शेगडी कितीही छान असली, तरी तिचे वजन गॅसमध्ये मिळवता येत नाही. म्हणून 'बाल्कनी धरली तर क्षेत्रफळ जास्तच भरते' असे उत्तर आले, तर करारात बाल्कनीचा आकडा कार्पेटपासून वेगळा दिलेला आहे, तेवढे दाखवून द्या.

दुसरे उत्तर येते प्लास्टरचे. त्यात थोडे तथ्य आहे, आणि माप बिनप्लास्टरच्या भिंतीपासून धरायचे असे करारात असेल तर ते मानावे लागेल. पण किती? आतल्या भिंतींचे प्लास्टर त्या भिंतींबरोबर मोजलेच गेले. उरले बाहेरच्या भिंतींच्या आतल्या बाजूचे. अशा फ्लॅटचा घेर साधारण 31 मीटर आणि प्लास्टर दीड सेंटिमीटर धरले, तरी ते अर्ध्या चौरस मीटरच्या आत राहते. उरलेले दीड मीटरहून जास्त कुठे गेले, हे पत्रात नम्रपणे विचारा.

तिसरे उत्तर सगळ्यांत चलाखीचे: 'तीन टक्के फरक कायद्याने चालतो.' इथे कान देऊन ऐका. महाराष्ट्रातल्या रेरा नियमांसोबतच्या नमुना करारात तीन टक्क्यांची मर्यादा आहे, हे खरे. पण त्याच कलमात पुढे म्हटले आहे की मर्यादेच्या आत क्षेत्र कमी भरले, तर जादा घेतलेले पैसे पंचेचाळीस दिवसांत व्याजासह आणि करारातल्याच दराने परत करायचे. क्षेत्र वाढले तर तोच दर लावून बिल्डरही जास्तीचे मागू शकतो. म्हणजे तीन टक्के ही फरक किती पडू शकतो याची मर्यादा आहे, फुकट खाण्याची सवलत नव्हे. आपल्या उदाहरणात करारात प्लास्टरची अट नाही असे धरू. तीन टक्के म्हणजे 1.8 मीटर. ते माफ समजले तर हातात येतील 30 हजार. कलम नीट वाचले तर हिशेब पूर्ण 2.1 मीटरचा होतो, म्हणजे 2 लाख 10 हजार. शिवाय तूट तीन टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे प्रश्न नुसत्या परताव्याचा राहिला नाही, तो करार मोडल्याचा झाला. पुन्हा सांगतो, तीन टक्के म्हणजे माफी नव्हे. तुमच्या करारातले हे कलम काढा, त्याचा क्रमांक पत्रात घाला आणि आकडे चौरस मीटरमध्येच लिहा. फुटांत गेलात की पुन्हा बिल्टअप, सुपर बिल्टअपचा घोळ सुरू.

पत्र शक्यतो ताब्याच्या कागदावर सही करण्याआधी पाठवा. त्या कागदात 'क्षेत्रफळाबद्दल तक्रार नाही' अशी ओळ अनेकदा असते, आणि आपण किल्ल्यांच्या आनंदात ती वाचत नाही! सही करावीच लागली, तर खाली 'मापाबाबत हक्क राखून' एवढे तरी लिहा. उत्तर आले नाही तर महारेराकडे तक्रार करता येते, त्याआधी तिथल्या सलोखा मंचाचाही मार्ग आहे. तिथे कोणते कागद लागतात हे सांगायचे होते, पण समोरचे घड्याळ थांबायला सांगते आहे. तेवढ्यात एकच: ते तीन टक्के... माफी नव्हेत.