पोस्टरवर संकासूर

पत्रिकेवर आजचा विषय ‘छायाचित्राची निवड’ असा भारदस्त छापला आहे. मी तो एका टिपणापुरताच घेणार आहे. पेडणे तालुक्यातल्या दशावतारावर फोटोंचं प्रदर्शन भरायचं होतं. समितीनं तीन फोटो धाडले आणि पोस्टरवर कोणता घ्यावा, ते कारणांसकट लेखी मागितलं.

पहिला फोटो युद्धाचा. देव आणि राक्षस तलवारी परजून गिरक्या घेताहेत, मागे पायपेटी, पखवाज, झांज. दुसरा रंगपटातला. स्त्रीपार्टी करणारा नट आपल्या ट्रंकेवर बसून हातातल्या आरशात बघत काजळ ओढतो आहे. उजेड एका गालावर, बाकी काळोख. तिसरा संकासुराचा. काळा वेश, लोंबणारी लाल जीभ, मागे साधा जांभळा पडदा, आणि डोक्यावर बरीच मोकळी जागा.

तिन्हींत उत्तम फोटो दुसरा, यात वाद नाही. तरी टिपणाच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं: पोस्टरसाठी तिसरा घ्यावा. निवड आधी सांगावी आणि कारणं मागून द्यावीत. समितीची माणसं कामातली असतात. त्यांना शेवटच्या परिच्छेदापर्यंत ताटकळत ठेवू नये.

प्रदर्शनात माणूस फोटोसमोर थांबतो. पोस्टर पेडण्याच्या बाजारात, बसस्टँडवर लागतं आणि बघणारा स्कूटरवर असतो. म्हणून मी तिन्ही फोटो टपाल-तिकिटाएवढे छापले आणि हात लांब करून पाहिले. युद्धाचा नुसता चिवडा झाला. तलवार कुठली आणि हात कुठला, कळेना. काजळाची रेघ तर नाहीशीच झाली. संकासूर मात्र तेवढ्यातही संकासूरच राहिला.

दुसऱ्या फोटोची खरी अडचण आकाराची होती. तो आडवा आहे, ६००० बाय ४००० पिक्सेलचा. पोस्टर ए-टू, म्हणजे ४२ बाय ५९.४ सेंटिमीटर, आणि उभं. पूर्ण उंची ठेवून त्यातून उभा तुकडा काढला तर रुंदी २८२८ पिक्सेल उरते. निम्म्याहून जास्त फोटो गेला! आरसा ठेवावा तर चेहरा कापतो, चेहरा ठेवावा तर आरसा. त्या फोटोचा जीव तर दोहोंमधल्या अंतरात आहे. शिवाय रंगपटात बसलेल्या नटानं फोटो काढू दिला, तो प्रदर्शनासाठी. अर्धा रंगलेला चेहरा गावभर भिंतींवर लावायचा तर पुन्हा विचारायला हवं.

संकासुराचा फोटो मुळातच उभा. ए-टूच्या मापात बसवताना वरखाली थोडंसं कापलं तरी इंचाला सुमारे २४० पिक्सेल मिळतात, पोस्टरला ते भरपूर झाले. नाव, तारीख, जागा वरच्या मोकळ्या पडद्यावर बसते. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार; दोन ओळींत अंतर ठेवावं लागतं, त्यामुळे ही जागा चैनीची नव्हे, गरजेची.

बैठकीत एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “अहो, असुराला पोस्टरवर? देव नाही मिळाला?” प्रश्न रास्त होता. पण आडदशावतारात गणपती, सरस्वती येऊन गेल्यावर तोच येतो, वेद पळवल्याचा तोरा मिरवत लोकांना पोट धरून हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो. पेडण्यात ज्यानं एक तरी कालो पाहिला आहे, त्याला ओळख सांगावी लागत नाही. शिवाय पोस्टर फाटतं, भिजतं, पायाखाली येतं. तिथे देवाचं रूप नसलेलंच बरं. आताशा कित्येक ठिकाणी आडदशावतार आटोपता घेतात, म्हणूनही मला तो पोस्टरवर हवा होता. हे कारण मात्र माझ्या आवडीचं, आणि टिपणात मी ते तसंच नोंदवलं.

या फोटोतही खोट आहे. जांभळा रंग कॉम्प्युटरवर झळकतो, पण छपाईच्या चार शायांत मळकट उतरतो. लाल जीभ चांगली उठते. काळ्या वेशाच्या चुण्या दिसाव्यात म्हणून फोटो फार उजळला, तर काळा राखाडी होतो आणि दुरून दिसणारी आकृतीच ढिली पडते. म्हणून अट घातली: त्याच कागदावर एक नमुना छापून भिंतीला लावावा, रस्त्यापलीकडून बघावा, मगच बाकीची छपाई. दुसरी अट, मूळ फाइलच छापखान्यात द्यावी. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीनं आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर येतो. ए-टूवर तो इंचाला सत्तरच्याही खाली जातो आणि कडा फुटतात. तिसरी, जिभेवर अक्षर येता कामा नये. चौथी, वेशात चेहरा झाकलेला असला तरी नटाला विचारूनच फोटो वापरावा आणि त्याचं नाव छायाचित्रकाराच्या नावाइतक्याच टायपात छापावं.

उरलेल्या दोन फोटोंचं काय, तेही लिहिलं. युद्धाचा आडवा फोटो दारावरच्या लांब फलकाला द्यावा. तिथे माणसं जवळून जातात आणि गर्दी शोभते. काजळाचा फोटो न कापता, अख्खा, आतल्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लावावा, आणि त्याच्या शेजारी दुसरं काही टांगू नये.