ताडोब्याहून आल्यावर काय वाचावे?

पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा ताडोब्याचा वाघ पाहून लोह्याला आला नि म्हणाला, "मामा, जंगलावरचं पुस्तक द्या." मी व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' दिले. त्याने तोंड वाकडे केले. यात वाघ नायक नाही, वानरे आहेत. आपल्या चिंचेवर येतात तीच, काळ्या तोंडाची.

टोळीत बहुधा एकच मोठा नर, बाकी माद्या आणि पिले. बाहेरचा नर येऊन जुन्याला हाकलतो आणि पुष्कळदा अंगावर पिणारी पिले मारतो. पिलू गेले की मादी लवकर माजावर येते. मग होते ती नव्या नराची संतती. हे लेखकाच्या मनचे क्रौर्य नव्हे. सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडकडे १९६० नंतरच्या काही वर्षांत हेच नोंदवले होते. मात्र प्रत्येक सत्तांतरात पिले मरतातच असे नाही, आणि काही टोळ्यांत नरही अनेक असतात. कादंबरी वाचताना एवढे ध्यानी ठेवावे.

दोन दिवसांनी भाचा चिंचेखाली उभा दिसला. तान्हे पिलू रंगाने काळसर असते, ते मी त्याला सांगितले होते.

"मामा, छातीशी काळं पिलू असलेल्या तीन आहेत," तो म्हणाला, "आणि बांधावर एक नर एकटाच बसलाय."