गुलाबी बोंडअळी आणि मूठभर दाणे

विद्यापीठातील परिसंवादासाठी इंग्रजीत तयार केलेल्या स्लाइडी घेऊन एखादा प्राध्यापक वर्धा जिल्ह्यातील खेड्याच्या शाळेत व्याख्यानास निघाला, तर त्याची खरी अडचण इंग्रजी शब्दांची नसते. समजा, विषय कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा आहे. २०१७ साली विदर्भात या अळीने बोंडे पोखरून पिकाची मोठी हानी केली. समोर बसलेली मुले तिला चांगली ओळखतात. अळीने पाकळ्या आतून जुळवून टाकलेले, न उमललेले फूल पडद्यावर दाखवून स्लाइडीत तीन ओळींचे वर्णन असते. शाळेत त्यासाठी ‘डोमकळी’ हा एक शब्द पुरतो. तेथे भाषांतर करावयाचे नसून घरचा शब्द उचलावयाचा असतो.

अडचण येते ती ‘प्रतिकार’ या शब्दापाशी. जमिनीतील एका जिवाणूचा गुण सरकीत उतरवून बीटी कपाशी केली गेली; तिच्या एका जनुकाच्या वाणास भारतात २००२ साली आणि दोन जनुकांच्या वाणास २००६ साली परवानगी मिळाली. पुढे अळी दोहोंनाही दाद देईनाशी झाली. हे सांगताना वक्त्याच्या तोंडी सहज वाक्य येते, ‘अळीला विषाची सवय झाली.’ वाक्य सोपे आहे, मराठी आहे आणि चुकीचे आहे. त्यावरून मुलांची समजूत अशी होते की, तीच अळी थोडेथोडे विष पचवीत अखेर निर्ढावली. वस्तुतः जिच्या अंगी मुळातच प्रतिकार नाही, ती अळी बीटी बोंड खाऊन बहुधा मरते. जिच्या आतड्यातील विष चिकटण्याची जागाच जन्मतः निराळी असते, ती वाचते, आणि तिचीच संतती पुढे वाढते.

परिसंवादात ही गोष्ट एका आलेखाने सांगितली जाते. शाळेत आलेखाऐवजी ज्वारीचे ९८ पांढरे दाणे आणि तुरीचे २ तांबडे दाणे एका ताटात घ्यावेत. ताट म्हणजे शेत, दाणा म्हणजे अळी. बीटीचे विष म्हणून दर दहा पांढऱ्या दाण्यांतील नऊ मुलांनी काढून टाकावेत. तांबड्यांस हात लावू नये. सुमारे १० पांढरे आणि २ तांबडे उरतील. आता पुढची पिढी म्हणून प्रत्येकाचे आठ करावेत : ८० पांढरे, १६ तांबडे. पुन्हा तीच काढणी केली की उरतात ८ आणि १६. या वेळी ताटात जागा बेताचीच म्हणून प्रत्येकाचे चारच केले, तरी ३२ पांढऱ्यांस ६४ तांबडे होतात. दुसऱ्या खेपेसच तांबड्यांची सरशी झाली, आणि तरीही एकाही पांढऱ्या दाण्याने रंग बदलला नाही. हे शेवटचे वाक्य वक्त्याने सांगू नये. मुलांकडून वदवून घ्यावे.

या खेळाची मर्यादाही वक्त्याने जाणली पाहिजे. खऱ्या अळीस प्रत्येक गुणाचे दोन अंश मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. तांबडा अंश एकच असेल तर ती बहुधा मरते, दोन्ही असतील तरच तगते. म्हणून दुसऱ्या खेळात प्रत्येक अळीसाठी दाण्यांची जोडी घ्यावी. बीटी शेतातील तांबड्या जोडीचा पतंग शेजारच्या साध्या कपाशीवरील पांढऱ्या जोडीशी मीलन पावला, तर प्रत्येक पिलाच्या वाट्यास एक तांबडा, एक पांढरा दाणा येतो आणि ते बीटी बोंडात मरते. बीटीच्या ४५० ग्रॅम सरकीबरोबर १२० ग्रॅम साधी सरकी का दिली जाई, हे तेव्हा मुलांस उमगते. ती पुडी पुष्कळांनी पेरलीच नाही; ती फुकट गेलेली जागा वाटे. शिवाय जानेवारीनंतर फरदड उभी ठेवल्याने अळीस पुढच्या पिढ्यांसाठी अन्न मिळत राहिले.

व्याख्यान साधले की नाही, हे टाळ्यांवरून कळत नाही. त्यासाठी शेवटी एकच प्रश्न विचारावा : ‘ज्या पतंगाच्या आईबापांनी बीटी कपाशी कधी खाल्लीच नाही, त्याची अळी बीटी बोंडात जगू शकेल काय?’ उत्तर ‘नाही, तिला सवय नाही’ असे आले, तर घरच्या शब्दाने विज्ञानास मागे ढकलले असे समजावे आणि ताट पुन्हा पुढे ओढावे. ‘तांबडे दाणे तिच्या घराण्यात असतील तर जगेल’ असे उत्तर एखाद्या मुलाने दिले, तर आलेखातील मर्म त्या ताटात उतरले असे म्हणता येईल. स्लाइडींपैकी बहुतेक तेव्हा पेटीतच राहिलेल्या असतील, आणि त्यात काहीही बिघडत नाही.