पेला नव्हे, पोटात गेलेलं मोजा

माझ्या बारा वर्षांच्या नातवाला क्रोन्सचा आजार निघाला. पोटदुखी, दिवसाला पाच-सहा वेळा पातळ शौच, वजन जेमतेम २८ किलो. आतड्याचा टीबी नाही याची खात्री झाल्यावर डॉक्टरांनी स्टेरॉइडऐवजी आठ आठवडे फक्त फॉर्म्युला द्यायचं ठरवलं. म्हणजे भात, पोळी, बिस्किट, काही नाही. वर फक्त पाणी. क्रोन्सच्या मुलांमध्ये यानं आतड्याची सूज उतरते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र हा उपाय चालत नाही, म्हणून आधी निदान पक्कं हवं.

आहारतज्ज्ञांनी त्याची रोजची गरज १८०० कॅलरी काढली. डब्यावरच्या मापानं कालवलं की एका मिलीला एक कॅलरी, म्हणजे १८०० मिली. पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी पाऊण, तिसऱ्या दिवसापासून पूर्ण. ३०० मिलीचे सहा पेले. मूल फारच खंगलेलं असेल तर यापेक्षाही सावकाश वाढवतात आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम तपासत राहतात, कारण उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की ते धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं.

फौजेतली सवय, म्हणून मी वही घातली. तयार किती केलं हा एक रकाना, प्यायला किती हा दुसरा. दोन आठवड्यांनी पोटदुखी थांबली, सीआरपी ४८ वरून ८ वर आला, पण वजन तसंच. सून घाबरली, औषध लागू पडत नाही म्हणाली. डॉक्टरांनी वही मागितली. दुसऱ्या रकान्याची सरासरी होती १४५०. रात्रीचा पेला रोज अर्धा उरत होता. "आबा, हे गोडमिट्ट आता जात नाही," हे तो मला सांगतच होता.

डॉक्टर म्हणाले, सीआरपी उतरलाय म्हणजे आजार ऐकतोय. वजन अडलंय कारण पोटात कमी जातंय. दोन्ही अडले असते, तर दोन-तीन आठवड्यांत उपचारच बदलावा लागला असता. मग तेच १८०० मिली आठ भागांत केलं, २२५ चा एक पेला, फ्रिजमध्ये गार करून, नळीनं. तरीही जमलं नसतं तर नाकातून बारीक नळी घालायची तयारी होती. त्याची गरज पडली नाही. पुढच्या आठवड्यात काटा सातशे ग्रॅमनं पुढे सरकला.

शौचाची कॅल्प्रोटेक्टिन तपासणी सुरुवातीला १६०० होती. ती सीआरपीपेक्षा सावकाश उतरते, म्हणून दर आठवड्याला करून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. आठव्या आठवड्यात ती २४० आली. त्यानंतर तीन आठवड्यांत एकेक पेला कमी करत जेवण वाढवलं. आजार पुन्हा उसळू नये यासाठीचं औषध त्याआधीच सुरू केलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं मऊ भात मागितला, वर तूप.