नाव गाळलं, तरी मुलगी ओळखू येते

(प्रभागसंघाच्या मासिक सभेतील भाषण)



मागच्या महिन्यात एका गटाकडून आपल्या बातमीपत्रासाठी बातमी आली. तायांनी गावातला बालविवाह थांबवला होता. मुलीचं नाव त्यांनी आठवणीनं गाळलं होतं. पण गावाचं नाव होतं, मुलगी नववीत आहे हे होतं, वडील ऊसतोडीला जातात आणि आई ह्याच गटात आहे, हेही होतं. सोबत फोटो. चेहरा पुसट केलेला, पण अंगावर शाळेचा गणवेश आणि मागं घराची ओसरी.

आता सांगा, त्या गावात नववीत मुली किती असतील? पाच-सहा. त्यात ऊसतोडीला जाणारं घर एखादंच. मग नाव कशाला हवं?

मी तायांना विचारलं, तर म्हणाल्या, "आईनं हो म्हटलंय की, सहीपण घेतलीय." पण लग्न थांबवणाऱ्या आठ बाया दारात उभ्या असताना ती माउली नाही कशी म्हणेल? आणि मुलीला तर कुणी विचारलंच नव्हतं.

शिवाय इथं आईची सही पुरत नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४ बघा. जिचं बालविवाहात लग्न लागण्याचा धोका आहे, ती मुलगी काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक ठरते. अशा मुलाच्या प्रकरणाच्या बातमीत नाव, पत्ता, शाळा, फोटो किंवा ओळख पटेल असं काहीही देता येत नाही. मुलाच्या हिताचं असेल तरच बालकल्याण समिती कारण लिहून परवानगी देऊ शकते. नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपलं छोटं बातमीपत्र ह्यातून सुटत नाही. व्हॉट्सॲपवर टाकलं म्हणूनही सुटका नाही.

मग आम्ही बातमी नव्यानं लिहिली. "आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात गटाच्या महिलांना एका अल्पवयीन मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं. त्यांनी १०९८ वर फोन केला, ग्रामसेवकांना कळवलं. शाळेच्या दाखल्यावरून वय तपासलं. लग्न थांबलं." फोटो, तारीख, गटाचं नाव, काहीच दिलं नाही.

ताया नाराज झाल्या. "मग आमचं नाव कधी येणार?" नाराजी खरी होती. पण गटाचं नाव दिलं की गाव कळतं, आणि गाव कळलं की मुलगी कळते. म्हणून त्यांच्या वर्षभराच्या कामाची बातमी वेगळी घेतली, त्यात हा विषय आणला नाही.

कुणाच्या लेकीला बक्षीस मिळालं, तर नाव-फोटो जरूर द्या. पण आईला विचारा, लेकीलाही वेगळं विचारा. मजकूर वाचून दाखवा. छापल्यावर तो फोनाफोनी फिरेल आणि परत घेता येणार नाही, हे सांगा. तरी ती "नको" म्हणाली, तर तिथंच थांबा.

बातमी पाठवण्याआधी एकच करा. ती गावातल्या, पण गटात नसलेल्या बाईच्या नजरेनं वाचा. "ही तर अमक्याची पोर!" असं मनात आलं, की ती ओळ खोडा.