मूत्रपिंडावरची टोपी

प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्या सालीचे थर तीन. बाहेरचा मीठ राखणारे अल्डोस्टेरॉन करतो, मधला कॉर्टिसॉल आणि आतला थोडी पुरुषी संप्रेरके.

आमच्या मंगळवार पेठेतल्या एका आजींनी गुडघेदुखीवर कॉर्टिसॉलच्याच जातीच्या गोळ्या सहा महिने घेतल्या. चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला, पोट सुटले, हातपाय वाळले, साखर वाढली. हा झाला अतिरेक. बाहेरून आयता पुरवठा मिळाल्याने मधला थर निजून गेला होता. त्यांनी गोळ्या एकदम सोडल्या, तेव्हा उलट्या, ग्लानी, भोवळ सुरू झाली. ही तूट, तिच्यात जीवही जातो.

क्षयाने ग्रंथीच नासली, तर बाहेरचा थरही जातो. मग खारट खावेसे वाटते, हिरड्याही काळवंडतात. आजींचा बाहेरचा थर शाबूत होता. आता डॉक्टर त्यांच्या गोळ्या हळूहळू कमी करीत आहेत.