खात्यातल्या पैशाला नाव द्या

मागच्या वेळी आपण गटाच्या कर्जाची वही कशी लिहायची ते पाहिलं. आज गटाचा नाही, आपल्या घरचा पैसा घेऊ.

आपल्याकडे पूर्वी पेरणीचं बी खायच्या दाण्यापासून वेगळं ठेवायचे. कणगी रिकामी होत आली तरी त्या गाडग्याला कोणी हात लावत नसे. तोच नियम पैशाला मात्र आपण लावत नाही. सोयाबीनचे पैसे, कपाशीचे पैसे, लाडक्या बहिणीचे १५०० रुपये, मजुरी, सगळं एकाच खात्यात पडतं आणि पासबुकावर एकच आकडा दिसतो. हा आकडा माणसाला फसवतो. कसा, ते एका घराचा हिशेब मांडून पाहू.

समजा, तीन एकर वावर आहे. सोयाबीन निघालं, कपाशीची दुसरी वेचणी विकली आणि जानेवारीच्या मध्यात खात्यात ९२ हजार आहेत. घरातल्या सगळ्यांना वाटतं, यंदा बरं आहे. पण या पैशाला वाटा आधीच ठरलेल्या आहेत. मार्चअखेर पीक कर्जाचे ४० हजार भरायचे. मृगात बी, खत आणि पेरणीला २८ हजार लागतात. जूनअखेर शाळा उघडली की दोन लेकरांचे ९ हजार. आणि दुखण्याखुपण्याला निदान १० हजार हाताशी पाहिजेत. बेरीज झाली ८७ हजार. म्हणजे आपले मोकळे पैसे ५ हजार आहेत, ९२ हजार नाहीत.

आता लग्नसराई येते. आहेर, कपडे, गाडीभाडं, एखादा मोबाइल धरून २० हजार जातात. ९२ मधून २० गेले तर ७२ उरतात, कोणाला काही वाटत नाही. मार्चमध्ये कर्जाचे ४० भरले, उरले ३२. दुखण्याचे १० तसेच ठेवले तर २२ राहतात, आणि जूनमध्ये पेरणी आणि शाळा मिळून लागतात ३७. पंधरा हजार कमी पडले. ते कृषी केंद्राची उधारी करून किंवा शेकडा तीनने आणावे लागतात. शेकडा तीन म्हणजे महिन्याला साडेचारशे, सहा महिन्यांचे २७०० रुपये. उधळपट्टी कोणी केली नव्हती. पैसा कशाचा आहे तेवढं दिसत नव्हतं.

म्हणून पैसा आल्याच्या आठवड्यातच त्याच्या वाटण्या करायच्या. प्रत्येक कामाला वेगळी जागा, आणि त्या जागेची मुदत त्या कामाच्या तारखेला संपणारी.

सगळ्यात आधी पीक कर्ज. त्याचे ४० हजार कुठेच ठेवू नका, कर्जखात्यातच भरून टाका. मार्चची वाट पाहत ठेवलेले पैसे खर्च होतात आणि मग शेवटच्या आठवड्यात कोणाकडून तरी चार दिवसांसाठी आणून नवं-जुनं करावं लागतं. ते चार दिवसही फुकट मिळत नाहीत.

पेरणीचे २८ हजार बँकेत मुदत ठेवीत टाका. ठेव वर्षाचीच करावी लागते असं पुष्कळ बायांना वाटतं. तसं नाही, बँकेत दिवसांवर ठेव करता येते. १५ जानेवारीला १३० दिवसांची ठेव केली तर २५ मेच्या सुमारास पैसे मोकळे होतात, मृगाच्या आधी. पावती एकच करू नका, १४-१४ हजारांच्या दोन करा. मधे अडचण आलीच तर एक मोडेल, दुसरी राहील. आणि फॉर्म भरतानाच सांगा की मुदत संपल्यावर रक्कम खात्यात जमा करा. हे सांगितलं नाही तर पुष्कळदा ठेव आपोआप पुढच्या मुदतीला लागते आणि पेरणीच्या दिवशी ती मोडायला रांगेत उभं राहावं लागतं. शाळेच्या ९ हजारांची वेगळी पावती, दीडशे दिवसांची.

व्याज किती मिळेल, असं बाया हमखास विचारतात. थोडंच. वर्षाला ५ टक्के धरले तर २८ हजारांवर १३० दिवसांचे पाचशेच्या आसपास. या पाचशेसाठी आपण हे करत नाही. मागच्या हिशेबातले २७०० वाचवायला करतो.

दुखण्याच्या पैशाला मुदत घालायची नाही, कारण दुखणं तारीख सांगून येत नाही. ते साध्या बचत खात्यात ठेवा, पण ज्या खात्यातून रोजचा व्यवहार होतो त्यात नको. पोस्टात ५०० रुपयांत बचत खातं उघडतं, आणि त्याला फोन जोडला नाही तर किराण्याच्या दुकानात ते पैसे जातही नाहीत. रात्रीबेरात्रीसाठी हजार-दोन हजार रोख घरात असू द्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. गटात आपली बचत आहे ना, मग हे कशाला, असा प्रश्न येतो. गटातली बचत अंतर्गत कर्जात फिरत असते. ती आपली आहे, पण आपल्याला पाहिजे त्या तारखेला परत येईलच असं नाही. जूनमध्ये सगळ्याच घरी पेरणी असते आणि सगळ्याच जणी एकदम मागतात. दुखण्याला गटाचं कर्ज आधार म्हणून धरा, पण लेकीच्या कॉलेजचा पैसा गटात आहे असं समजून चालू नका.

ज्या घरावर शेकडा तीनचं किंवा पाचचं सावकारी देणं आहे, त्यांनी आधी ते फेडावं. महिन्याला तीन टक्के देत असताना वर्षाला सहा-सात टक्क्यांची ठेव करणं तोट्याचंच. आणि नावाच्या ठेवी बँकेत किंवा पोस्टातच करा. पतसंस्था एखादा टक्का जास्त देते, पण बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विम्याचं संरक्षण असतं ते पतसंस्थेला नाही.

कापसाचं खातं बहुतेक मालकाच्या नावावर असतं, हेही आम्हाला ठाऊक आहे. तिथे वाटण्या दोघांनी बसून करायच्या. तो ९२ आणि ८७ चा हिशेब कागदावर दाखवला की बोलणं सोपं होतं, असा गटांमधला अनुभव आहे.

राहिली लांबची कामं. लेक आता पाचवीत आहे, पाच वर्षांनी दहावी होईल. तिच्यासाठी १५०० मधले ५०० पोस्टाच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत टाका. आरडी पाच वर्षांची असते. ६.७ टक्के दराने आपले ३० हजार भरून साडेपस्तीस हजारांच्या वर मिळतात. खातं उघडताना जो दर असेल तोच शेवटपर्यंत राहतो. हप्ता चुकला तर शंभराला महिन्याला एक रुपया दंड आहे. तो परवडतो, पण चार हप्ते थकले की खातं खंडित होतं आणि दोन महिन्यांत चालू करून घ्यावं लागतं. तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, त्यानंतर मोडलं तर साध्या बचत खात्याचंच व्याज. अगदी नड आली तर वर्षभर बारा हप्ते भरल्यावर जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, तेव्हा मोडण्याआधी ते विचारा.

खातं कोणत्या तारखेला उघडता यालाही अर्थ आहे. १५ तारखेपर्यंत उघडलं तर दर महिन्याचा हप्ता १५ च्या आत भरावा लागतो. १६ पासून पुढे उघडलं तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत मुभा मिळते. आपले १५०० दर महिन्याला एकाच तारखेला येत नाहीत. म्हणून पोस्टात १६ तारीख उलटल्यावर जा.